नव्या मंडळींनो, आधी हे वाचा, मग चपला घाला

नमस्कार.

आलात, बरं वाटलं. गेल्या महिन्याभरात सात-आठ नवी माणसं ग्रुपात आली आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून माझा अंगठा दुखायला लागला. म्हणून हे एकदाच लिहून वर डकवून ठेवतेय. लांब झालंय, पण चहा घेता घेता वाचून होईल.

आपण कोण, तर भाट्ये आणि खाडीपलीकडच्या राजिवड्याची, फिरायची हौस असलेली शेजारीपाजारी मंडळी. कोणी निवृत्त मास्तर, कोणी बँकेतले, दोघी बालवाडीच्या बाई, एक रिक्षावाले दादा, आणि परीक्षा नसली की आईबरोबर येणारी एक नववीतली मुलगी. फी नाही, हजेरी नाही, टी-शर्ट नाही. टी-शर्टचा विषय दरवर्षी निघतो आणि रंगावर येऊन अडतो.

वेळ सकाळी सहा. भाट्ये पुलाच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे गावाच्या बाजूला, पाच-पन्नासपर्यंत जमायचं. सहाला मोजणी होते आणि आपण निघतो. उशीर झाला तर फोन करून थांबवू नका, सरळ वाटेत गाठा. आपण काही पळत नसतो. जायचं झरी विनायकापर्यंत, देवाला नमस्कार करून परत. देऊळ न मानणाऱ्यांनी बाहेर कट्ट्यावर बसायचं, तिथली हवा सगळ्यांना सारखीच लागते.

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आपल्या फेरीत सगळ्यात मागे एक माणूस चालतो. त्याच्या डोक्यावर लाल टोपी असते, गळ्यात शिट्टी, खिशात साखरेची पुडी आणि पाण्याची छोटी बाटली. त्याला आपण राखणदार म्हणतो. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि त्याने कोणाच्या पुढे जायचं नाही. रोज नवा राखणदार. आदल्या रात्री ज्याची पाळी असेल तो ग्रुपात ‘टोपी माझ्याकडे’ एवढंच लिहितो.

ही टोपी उगाच आली नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही सगळे पुढे गप्पा मारत निघालो होतो. आमच्यातल्या एका काकांची साखर उतरली. ते रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले, हाक मारायचंही त्राण नव्हतं. आम्ही टपरीवर पोचून चहा मागवला, ग्लास आले, आणि एक ग्लास उरला. तो उरलेला ग्लास पाहून आमच्या लक्षात आलं. वीस मिनिटं गेली होती. रिक्षावाले दादा उलटे धावले. काका ठीक आहेत, आता तेच टोपीसाठी सगळ्यात जास्त भांडतात. पण तो ग्लास मला अजून दिसतो.

तेव्हापासून तीनदा मोजणी होते: पुलाशी, देवळाशी आणि परत पुलाशी. मध्येच घरी जायचं असेल तर खुशाल जा, फक्त राखणदाराला सांगून जा. गुपचूप वळलात तर पंधरा माणसं तुम्हाला सुरूच्या बनात शोधत बसतील. हे एकदा झालंय. तो माणूस घरी पोहे खात होता.

चाल कुणाची धरायची? सगळ्यात हळू चालणाऱ्याची. जोरात चालायचं असेल त्यांनी देवळापर्यंत पुढे जावं, वळून मागच्यांना भेटावं, पुन्हा पुढे जावं. त्यांचं अंतर दुप्पट होतं, कुणी एकटंही पडत नाही. चालता चालता बोलता येतंय, धाप लागत नाही, एवढा वेग पुरे. ‘काय काकू, एवढ्यात दमलात?’ असं मस्करीतही म्हणायचं नाही. म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी टोपी.

वाट रोज एक नसते, ती समुद्र ठरवतो. नव्या माणसांना हे नवल वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या म्हाताऱ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. ती भांगाची भरती, फार वर चढत नाही, पण चालायला लागणारी ओली घट्ट वाळू बुडते आणि वरच्या मऊ वाळूत घोटे रुततात. म्हणून सप्तमीपासून दशमीपर्यंत, दोन्ही पक्षांत, आपण सुरूच्या बनातून किंवा रस्त्याने जातो. पुनवेला आणि अवसेला उलट. उधाण असतं, पण भरती अकराच्या आसपास, त्यामुळे पहाटे पुळण लांबवर उघडी पडलेली असते. तेव्हा चप्पल हातात घ्या आणि पाण्याच्या कडेकडेने चला. एकादशी-द्वादशीला आणि पंचमी-षष्ठीला काय, हे राखणदार पुलावरून पाणी बघून ठरवेल. हा हिशोब अदमासाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तेव्हा तिथी काहीही म्हणो, समोरच्या पाण्याचं ऐकायचं.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे जाताना समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो. परत येताना दुसरा पडतो, हिशोब फिटतो. म्हणून जाताना वाळू आणि येताना रस्ता असं करू नका. एकाच बाजूला कळ धरते, मी भोगलंय. वाळूतून गेलात तर वाळूतूनच या.

पाण्यात उतरायचं नाही. घोट्यापर्यंत ठीक, त्यापुढे नाही. पोहता येतं, लहानपणापासून याच पाण्यात वाढलोय, हे सगळं मान्य. तरीही नाही. खाडीच्या तोंडाशी तर अजिबात नाही, ओहोटीची ओढ तिथे दिसत नाही, लागते. आणि जूनपासून नारळी पुनवेपर्यंत आपण पुळणीवर जातच नाही. त्या दिवसांत होड्यासुद्धा वर ओढलेल्या असतात, एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी बसतात, मग आपण फोटोसाठी कशाला जायचं? पावसाळ्यात लाटांबरोबर निळ्या फुग्यासारखं काही वाळूत पडलेलं दिसलं तर हात लावू नका, मेलेलं असलं तरी डसतं.

रस्त्याने जाताना उजव्या बाजूने चला, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. पावसकडे जाणाऱ्या डंपरना सकाळी आपण दिसतच नाही असं धरूनच चालायचं. एकामागे एक, फार तर दोघं. पांढरे किंवा भडक कपडे, हातात बॅटरी. दोन्ही कानांत बोळे घालून गाणी ऐकत असाल तर रस्त्याच्या वाटेवर ती खिशात. पावसात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्याने उलटलेली छत्री शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते. गवतात पाय टाकण्याआधी बॅटरी मारा. कशाला, ते सांगायला नको, पहाटे त्याचं नाव नको.

रापण ओढत असतील तर दोरावरून उडी मारून जाऊ नका, वरच्या बाजूने वळसा घाला. त्यांनी हाक मारली तर हात लावा, दहा मिनिटं ओढा, दिवसभराचा व्यायाम तेवढ्यात होतो. मूठभर मासळी हातावर पडली तर नशीब, पण ‘ताजं काय मिळालं, कसं दिलं’ म्हणून जाळ्याभोवती गराडा घालू नका. त्यांची कामाची वेळ, आपली हौशीची.

हिवाळ्यात वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी उमट वर गेलेली दिसली, तर ती कासवीण असू शकते. ऑलिव्ह रिडले आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. उमटीवर पाय देऊ नका, उकरू नका, राखणदाराला दाखवा, तो वनखात्याला कळवेल. गर्दी जमवणारी पोस्ट टाकू नका.

आणि आंबे. चैत्र-वैशाखात रविवारी आपण गोळपच्या चढावर जातो, दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा आहेत. पडीचा आंबासुद्धा बागवाल्याचा. वाकायचं नाही. गेल्या वर्षी कोण वाकलं हे मी लिहीत नाही, त्यांना माहीत आहे.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पूल ओलांडून मांडवीच्या जेटीवर किंवा थिबा पॅलेसच्या बाजूला जातो. ब्रह्मदेशाच्या राजाला इथे आणून ठेवलं, त्याच्यासाठी १९१० साली तो वाडा बांधला आणि १९१६ साली तो इथेच गेला, ही गोष्ट मास्तर सांगतात. दर वेळी सांगतात. दर वेळी ऐकायची, हाही नियमच समजा. थिबा पॉइंटवरून खाली काजळीची खाडी, पूल आणि आपलं सुरूचं बन एका नजरेत दिसतं.

तब्येतीचं लपवू नका. साखर, रक्तदाब, दमा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, जे असेल ते मला किंवा त्या दिवशीच्या राखणदाराला वेगळं कळवा, ग्रुपात लिहायची गरज नाही. छातीत दडपलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, दरदरून घाम सुटला, तर ‘गॅस असेल’ म्हणून चालत राहायचं नाही. बसायचं, शिट्टी, १०८ ला फोन.

ग्रुपात काय लिहायचं: येतोय, येत नाही, टोपी कोणाकडे, वाट कोणती. गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात नको, आपण सहाला प्रत्यक्ष भेटतोच. औषधांचे फॉरवर्ड नकोत. राजकारण चालताना बोला हवं तर, वारा घेऊन जातो, लिहिलेलं मात्र राहतं. कुणाचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा, बायकांचा आणि मुलांचा तर नक्कीच. आणि गोळ्यांचे कागद, बिस्किटांची पाकिटं आपल्याच खिशात परत आणायची. बनातल्या दोन कुत्र्यांना वाटेत बिस्किटं देऊ नका, ते आपापसांत भांडतात आणि मग आपल्या पायात येतात. परत आल्यावर टपरीपाशी द्या.

चहाचे पैसे ज्याचे त्याने. वाढदिवसाला वडे खिलवायची सक्ती नाही, पण आजवर कोणी सुटलेलं नाही.

नव्यांनी आता एकच करायचं: खाली आपलं नाव, वाडी, चाल जलद की सावकाश, आणि चहा साखरेचा की बिनसाखरेचा एवढं लिहा. उद्या अष्टमी आहे, तेव्हा बनातून जाऊ, बूट घालून या. टोपी माझ्याकडे.

– तुमची ॲडमिन ताई