चहा फ्रँचायझीच्या कराराबाबत अभिप्राय

प्रिय सचिनराव,

स. न. वि. वि.

कंपनीने पाठवलेला चोवीस पानी मसुदा दोनदा वाचला. आहे तसा सही करू नका. व्यवहार मोडावा असं मात्र माझं मत नाही. चहा चालेल, जागाही एसटी स्टँडजवळची आहे. अडचण अशी की या कागदात कंपनीला तीस दिवसांत बाजूला होता येतं आणि तुम्हाला छत्तीस महिने हलता येत नाही. बाकीच्या अटींवर घासाघीस होईल, पण या दोन आकड्यांचा हिशेब आधी लागला पाहिजे.

म्हणून शेवटाकडून सुरुवात करतो. कलम १७.२ म्हणतं, ‘कंपनी कोणतेही कारण न देता ३० दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकेल.’ परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘असं केलं तर कोर्टात जाऊ.’ जाता येईल, पण दुकान परत मिळेल या आशेवर जाऊ नका. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळं १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर चालतं. आणि जो करार मुळातच सूचना देऊन संपवता येतो, तो पुढे चालू ठेवायला कोर्ट भाग पाडत नाही. १९९० मध्ये इंडियन ऑइल आणि अमृतसर गॅस सर्व्हिस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. करार चुकीच्या कारणाने संपवला हे मान्य झालं, तरी एजन्सी परत मिळाली नाही. भरपाई मिळाली ती फक्त तीस दिवसांच्या उत्पन्नाची, कारण करारातली सूचनाच तीस दिवसांची होती. तुमचा आकडाही तीसच आहे.

आता तुमची बाजू पाहा. प्रवेश शुल्क ३ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४,०००. फर्निचर आणि मशीनला ८ लाख, अनामत १ लाख. म्हणजे साडेबारा लाखांच्या वर रक्कम गुंतणार, आणि कंपनीने उद्या सूचना दिली तर कायद्याने हातात येणार महिन्याभराचा नफा. त्यामुळे १७.२ च्या जागी पुढची वाक्यं घालायला सांगा:

‘पहिल्या ३६ महिन्यांत कंपनी केवळ लेखी नमूद केलेल्या गंभीर भंगासाठी, आणि भंग दुरुस्त करण्यास ३० दिवसांची मुदत देऊनच करार संपवेल. त्यानंतर कारण न देता संपवायचा झाल्यास १८० दिवसांची सूचना देईल, प्रवेश शुल्काचा उरलेल्या मुदतीच्या प्रमाणातील भाग परत करेल आणि मशिनरी घसारा वजा जाता खरेदी किमतीस घेईल.’

सध्या भंग दुरुस्त करायला सात दिवस आहेत, तेही कंपनीने ईमेल टाकल्यापासून. तुमचा ईमेल तुमचा पुतण्या बघतो आणि तो पुण्यात असतो, म्हणून नोटीस स्पीड पोस्टाने दुकानाच्या पत्त्यावरही यावी असं लिहून घ्या. ‘कंपनीच्या मते असमाधानकारक कामगिरी’ हे कारण मात्र काढूनच टाकायला लावा. त्याला मोजमाप काही नाही.

तुम्ही मधेच सोडलंत तर १७.५ नुसार छत्तीसपैकी उरलेल्या महिन्यांची किमान रॉयल्टी एकरकमी द्यायची आहे. विसाव्या महिन्याअखेर सोडलंत तर १६ गुणिले १२,००० म्हणजे १,९२,०००. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. पण अनामत त्यांच्याकडे असल्याने आधी ते ती कापून घेतील, दावा लावायची वेळ तुमच्यावर येईल. इथे तीन महिन्यांच्या रॉयल्टीची कमाल मर्यादा मागा.

क्षेत्राचं कलम ४ वरवर बरं दिसतं: ‘कराड शहरात दुकानापासून २ किलोमीटरच्या आत दुसरे दालन दिले जाणार नाही.’ तुम्ही ‘शहर’ या शब्दावर थांबलात का? मलकापूरची नगरपरिषद वेगळी आहे. उद्या महामार्गालगत मलकापूरच्या हद्दीत त्यांनी दुसरं दालन काढलं तर करारभंग झाला असं म्हणता येणार नाही, आणि पुणे-कोल्हापूर गाड्यांचं गिऱ्हाईक तर तिकडेच थांबतं. दोन किलोमीटर रस्त्याने की सरळ रेषेत, हेही लिहिलेलं नाही. शिवाय ४.३ मध्ये पेट्रोल पंपावरचे स्टॉल, ऑनलाइन विक्री आणि ‘कंपनीचे अन्य ब्रँड’ वगळले आहेत. म्हणजे त्याच चहाला दुसरं नाव देऊन तुमच्या समोर दुकान मांडता येईल. नकाशा जोडून घ्या, त्यावर दोघांच्या सह्या हव्यात, सरळ रेषेत ३ किलोमीटर, मलकापूरसह. ऑनलाइन ऑर्डर त्या भागातल्या असतील तर त्या तुमच्याच दुकानातून जाव्यात. किराणा दुकानातली चहा मसाल्याची पाकिटं ते सोडणार नाहीत. तिथे ताणू नका.

शुल्काचं बघू. ‘विक्रीच्या ५ टक्के किंवा १२,०००, जे जास्त असेल ते.’ रोजची विक्री ८,००० असेल तर महिन्याचे २,४०,००० आणि रॉयल्टी बरोबर १२,०००. पण मे महिन्यात उन्हामुळे रोजचे ५,००० झाले तर विक्री १,५०,००० आणि रॉयल्टी तरीही १२,०००. ती ८ टक्के झाली. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १४,१६०. तुमच्या चहा-नाश्त्याच्या दुकानाला ५ टक्क्यांच्या जीएसटीत इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हा कर खिशातूनच जातो. कंपनीच्या माणसाने दाखवलेल्या नफ्याच्या तक्त्यात तो धरलेला नाही, मी तपासलं. जाहिरात निधीचे २ टक्के वेगळे, त्यावरही जीएसटी. पहिले सहा महिने किमान रॉयल्टी नको आणि ‘विक्री’ म्हणजे कर व डिलिव्हरी ॲपचं कमिशन वजा जाऊन उरलेली रक्कम, एवढं मिळालं तरी पुष्कळ. चहा पावडर आणि मसाला त्यांच्याकडूनच घ्यायचा, दर ‘कंपनी वेळोवेळी ठरवेल’. इथे वर्षाला जास्तीत जास्त किती टक्के वाढ, तो आकडा मागा. खरी कमाई ते इथेच करतात.

करार संपल्यावर दोन वर्षं दहा किलोमीटरमध्ये चहाचा धंदा करायचा नाही, या अटीने तुम्ही फार घाबरलात. करार चालू असताना अशी बंदी चालते. तो संपल्यानंतरची बंदी करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकणं अवघड. तरी खोडायला सांगा, उगाच नोटिसा येत राहतील. त्यांचं नाव, बोर्ड आणि मसाल्याची कृती मात्र वापरू नका.

लवाद पुण्यात, तो चालेल. पण लवाद कोण ते कंपनीचा संचालक एकतर्फी ठरवणार, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमनच्या निकालानंतर चालत नाही. दोघांच्या संमतीने नेमणूक, असा बदल ते सहज मान्य करतील.

करार पाच वर्षांचा आणि तुमच्या गाळ्याचं लिव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचं. मालकाने चौथ्या वर्षी गाळा सोडायला लावला तर १६.१ प्रमाणे तो तुमचा करारभंग ठरतो. गुरुवारी येताना गाळ्याचा करार घेऊन या, आणि टोकन म्हणून पाठवलेल्या ५०,००० ची पावतीही. तिच्यावर ‘परत मिळणार नाही’ असं छापलंय का, ते बघायचं आहे. तोवर आणखी पैसे पाठवू नका, त्यांचा माणूस रोज दोनदा फोन करत असला तरी.

आपला,
वकील, सातारा