संकल्पनात्मक चौकट: थिअरीचे पाच प्रश्न, नमुना उत्तरांसह

एकूण गुण २० | वेळ ४० मिनिटे | सर्व प्रश्न सोडवा

उत्तरे आयएएसबीच्या मार्च २०१८ च्या चौकटीवर बेतलेली आहेत. जुन्या नोट्समध्ये मूलभूत गुणांमध्ये 'रिलायबिलिटी' दिसली, तर त्या २०१० पूर्वीच्या आहेत. तो शब्द उत्तरात आला की तपासणाऱ्याला नोट्सचं वय कळतं. आकडे लाखांत आहेत.

प्रश्न १. एका कंपनीचा वर्षाचा नफा ९० आहे. त्यातले ६० जमीन विकून आले. ही विक्री वेगळी दाखवणे रेलेव्हन्सच्या दृष्टीने का आवश्यक आहे? (४ गुण)

ज्या माहितीमुळे वापरकर्त्याच्या निर्णयात फरक पडू शकतो, ती रेलेव्हंट. इथे 'पडू शकतो' एवढं पुरेसं आहे. एखाद्या गुंतवणूकदाराने ती वापरली नाही किंवा त्याला ती आधीच ठाऊक होती, म्हणून तिचा रेलेव्हन्स जात नाही.

माहितीला भविष्याचा अंदाज बांधण्यासाठी मूल्य असतं, आधीचा अंदाज पडताळण्यासाठी असतं, किंवा दोन्हींसाठी. ९० हा एकच आकडा दिला तर वाचणारा पुढच्या वर्षीही ९० च्या आसपास धरेल. पण जमीन एकदाच विकली जाते. ३० आणि ६० वेगळे दाखवले की पुढच्या वर्षासाठी कोणता आकडा धरायचा हे कळतं. शिवाय गेल्या वर्षी ज्याने नेहमीच्या धंद्यातून ३५ चा अंदाज बांधला होता, त्याला आपण कुठे चुकलो तेही दिसतं. कंपनीने स्वतः भाकीत छापण्याची गरज नाही. वापरकर्त्याला अंदाज बांधताना कच्चा माल म्हणून ती उपयोगी पडली की झालं.

मटेरिअ‍ॅलिटी हा रेलेव्हन्सचाच त्या कंपनीपुरता भाग आहे. आयएएसबीने त्यासाठी कोणतीही टक्केवारी ठरवून दिलेली नाही. नफ्याचा दोन-तृतीयांश भाग एकाच व्यवहारातून आला असेल, तर तो मटेरिअल आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

*तपासताना:* नुसत्या व्याख्येला १ गुण. उरलेले ३ गुण ३० आणि ६० यांच्याबद्दल काही म्हटलं असेल तरच.

प्रश्न २. कंपनीने वर्षअखेरीला बँकेला माल ५० ला 'विकला'. करारानुसार एका वर्षाने तोच माल ५६ ला परत घेणे कंपनीवर बंधनकारक आहे. माल कंपनीच्याच गोदामात आहे. संचालकांनी ५० विक्री दाखवली. फेथफुल रिप्रेझेंटेशनच्या आधारे मत द्या. (६ गुण)

फेथफुल रिप्रेझेंटेशन म्हणजे व्यवहाराचं कायदेशीर रूप नव्हे, तर त्यातला आर्थिक आशय दाखवणं. इथे मालावरचा ताबा बँकेकडे गेलेलाच नाही, कारण तो ठरलेल्या भावाने परत घ्यायचाच आहे. बँकेने ५० दिले, तिला ५६ मिळणार. हे मालाच्या तारणावर घेतलेलं कर्ज आहे.

म्हणून विक्री रद्द करा, माल मूळ खर्चाने साठ्यात ठेवा, ५० कर्ज म्हणून दाखवा आणि ६ हे वर्षभरातलं व्याज म्हणून चढत जाऊ द्या. विक्री तशीच ठेवली तर एकाच नोंदीने तीन गोष्टी बिघडतात: नफा फुगतो, साठा कमी दिसतो आणि देणं गायब होतं. असं चित्र पूर्णही नाही आणि तटस्थही नाही.

आदर्श चित्रणाचे तीन गुण: पूर्ण, तटस्थ, चुकांपासून मुक्त. तिसऱ्यावर बहुतेक जण अडखळतात. चुकांपासून मुक्त म्हणजे पै-पैशाला अचूक नव्हे. कोर्टातल्या दाव्यासाठी ४० ची तरतूद केली आणि निकाल ४६ चा लागला, तर तेवढ्याने आधीचं चित्र खोटं ठरत नाही. ४० हा अंदाज आहे असं स्पष्ट सांगितलं होतं का, आणि तो काढण्याची पद्धत योग्य निवडून नीट वापरली का, एवढंच पाहायचं.

तटस्थतेला प्रुडन्सची जोड आहे. ही संकल्पना २०१० मध्ये वगळली होती, २०१८ मध्ये ती परत आली. अनिश्चितता असताना सावध राहा, इतकाच तिचा अर्थ. 'प्रुडन्स म्हणून तरतूद जरा जास्तच धरली' असं लिहिलंत तर गुण जातील. गुपचूप राखीव निधी साठवायची परवानगी चौकट देत नाही.

प्रश्न ३. सर्वांत रेलेव्हंट माहिती फार अनिश्चित अंदाजावर अवलंबून असेल तर काय करावे? (३ गुण)

माहिती उपयुक्त ठरायला रेलेव्हन्स आणि फेथफुल रिप्रेझेंटेशन हे दोन्ही मूलभूत गुण लागतात. आधी सर्वांत रेलेव्हंट माहिती ओळखायची, मग ती उपलब्ध आहे का आणि तिचं फेथफुल रिप्रेझेंटेशन होऊ शकतं का ते पाहायचं. होत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर रेलेव्हन्सच्या क्रमाने पुढची माहिती घ्यायची. मोठी अनिश्चितता असली म्हणजे अंदाज आपोआप बाद होत नाही. योग्य खुलाशासह तोही उपयुक्त असू शकतो. तुलनात्मकता, पडताळणीक्षमता, वेळेवर मिळणे आणि सुबोधता हे चार गुण उपयुक्ततेत भर घालतात, पण मुळात निरुपयोगी माहितीला ते तारू शकत नाहीत.

प्रश्न ४. वर्षअखेर ३१ मार्च. २० मे रोजी व्यवस्थापनाने कंपनी गुंडाळायचे ठरवले. हिशेबांना मंजुरी १५ जूनला. 'निर्णय वर्षानंतरचा आहे, म्हणून हिशेब गोइंग कन्सर्न पायावरच राहतील' हे विधान तपासा. (५ गुण)

विधान चूक आहे. गोइंग कन्सर्न म्हणजे संस्था नजीकच्या भविष्यात चालू राहील आणि तिला धंदा बंद करण्याचा हेतू किंवा गरज नाही, हे गृहीतक. आयएएस १० नुसार वर्षअखेरीनंतर, पण हिशेब मंजूर होण्याआधी, धंदा बंद करायचं ठरलं किंवा दुसरा वास्तववादी पर्याय उरला नाही, तर तो पाया वापरता येत नाही. पुढच्या वर्षाचा विचार करून तेवढ्यावर थांबायचं नसतं; वर्षअखेरीपासून किमान बारा महिने पाहायचे, 'फक्त' बारा नव्हे.

मग कोणता पाया? प्रमाण एकच पर्याय लादत नाही. गोइंग कन्सर्न सोडला ही बाब, त्याचं कारण आणि वापरलेला पाया, तिन्ही उघड करावे लागतात. 'सगळी मालमत्ता भंगाराच्या भावाने दाखवा' हे तयार उत्तर चालणार नाही.

आता समजा, फक्त तोटा झाला आहे आणि बँकेशी कर्जाची मुदत वाढवण्याची बोलणी चालू आहेत. तेव्हा पाया तोच राहील, पण मोठी शंका निर्माण करणारी मटेरिअल अनिश्चितता असेल तर ती उघड करावी लागेल. पाया बदलणं आणि अनिश्चितता उघड करणं यांतला फरक ज्याने लिहिला, त्याला शेवटचे २ गुण.

गोइंग कन्सर्न तपासण्याची आणि उघड करण्याची ही तरतूद आजवर आयएएस १ मध्ये होती; १ जानेवारी २०२७ रोजी किंवा नंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी ती आयएएस ८ मध्ये सरकते. मजकूर साधारण तोच, क्रमांक मात्र बदलून लिहा.

प्रश्न ५. १ जानेवारीला वर्षभराचा विमा हप्ता १२ भरला. वर्षअखेर ३१ मार्च. अ‍ॅक्रुअल पायावर नोंद सांगा. (२ गुण)

खर्च ३, आगाऊ खर्च म्हणून मालमत्ता ९. परिणाम ज्या काळात होतो त्या काळात नोंद. पैसे कधी हलले हा वेगळा प्रश्न. रोख प्रवाह पत्रकात मात्र पूर्ण १२ दिसतील, कारण अ‍ॅक्रुअलचा नियम त्या पत्रकाला लागू नाही.

इथे एक सापळा आहे. 'उत्पन्नाशी खर्च जुळवायचा' म्हणून जाहिरातीचे १२ही असेच पुढे ढकलता येतात, असं काही जण लिहितात. जुळवणी हे चौकटीचं उद्दिष्ट नाही. उरलेल्या नऊ महिन्यांचं विमा संरक्षण हा कंपनीच्या ताब्यातला हक्क आहे, म्हणून ९ मालमत्ता ठरतात; दाखवून झालेल्या जाहिरातीतून असा कुठलाच हक्क हाती राहत नाही, त्यामुळे ते १२ थेट खर्चात जातात.