शेरा : इंग्रजी–मराठी अनुवादक, चिपळूणच्या उमेदवार

सर, आपल्या जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या होत्या: मासेमारी आणि जमिनीच्या कागदपत्रांचा अनुभव, ट्रेडोस किंवा मेमोक्यूवर काम, आणि दोन नमुने. बाईंचा अर्ज त्या कसोटीवर पाहिला.

विषयांच्या रकान्यात कायदा, वैद्यक, पर्यटन, बँकिंग, शेती असं सगळंच आहे. एवढं सगळं सहा वर्षांत? मासेमारी मात्र नाही. तरीही मासेमारीचा नमुना उत्तम उतरलाय. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीवरचा उतारा वाचताना तो अनुवाद वाटतच नाही. ‘पर्ससीन जाळी’, ‘खलाशी’, ‘तांडेल’ हे शब्द बंदरावरचेच. माहेर हर्णैचं आहे म्हणे, ते अर्जात लिहायला हवं होतं.

जमिनीच्या नमुन्यात घोळ आहे. ‘म्युटेशन एंट्री’चं ‘उत्परिवर्तन नोंद’ केलंय! सातबारा हाताळलेला माणूस ‘फेरफार’च लिहील. ‘कन्सिडरेशन’ला ‘मोबदला’ मात्र अचूक. म्हणजे कायद्याचं वाचन आहे, तलाठ्याचं दप्तर पाहिलेलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ट्रेडोस लिहिलंय, पण मुळातले १,२०,००० अनुवादात १२,००० झालेत आणि दोन टॅग गळलेत. फाइल पाठवण्याआधी तपासणी चालवली असती, तर दोन्ही तिथेच सापडलं असतं.

माझं मत: मासेमारीचं काम द्यावं, जमिनीचं तूर्त नको. आधी पाचशे शब्दांची सशुल्क चाचणी घेऊ, टर्मबेस आपला देऊ.