तीन मिनिटं

"चिपळूण, गुहागर द्या."

हे शब्द मी आणि कुंदानं किती हजार वेळा म्हटले असतील. १९८७ साली आम्ही दोघी कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारीशेजारी बसायचो. डोक्याला हेडसेट, हातात कॉर्ड, समोर लुकलुकणारे दिवे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशा तऱ्हेतऱ्हेच्या कॉलची तिकिटं फाडायची आणि घड्याळावर लक्ष ठेवून मध्येच बोलायचं, "तीन मिनिटं झाली, चालू ठेवायचं का?" कुंभार्ली घाटाच्या पलीकडची ती गावं आम्हाला फक्त आवाजानं माहीत होती. कुंदा म्हणायची, "शैले, ह्या माणसांच्या मागं समुद्र ऐकू येतो गं. एकदा जाऊन बघू या."

पुढं एसटीडी आलं, बोर्ड गेले. कुंदा लग्न होऊन इंदूरला गेली. आमचं जाणं आधी तिच्या बाळंतपणानं राहिलं, मग माझ्या सासूबाईंच्या आजारपणानं, मग करोनानं. शेवटच्या दोन वर्षांत तर ती फोनसुद्धा उचलेना. मेसेज तेवढे यायचे, लांबच लांब, प्रेमाचे. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली बाई माझा एक फोन घेत नाही, ह्याचं मला फार लागलं होतं. पण यंदा माघात तिनंच लिहिलं, "येते. तिकीट काढलंय."

कराडच्या स्टँडवर तिला मिठी मारली तेव्हा दोघींनाही रडू आलं. चिपळूणला भाड्याची गाडी घेतली आणि मी वही उघडली.

त्या वहीवर मी महिनाभर बसले होते. चार दिवस हातात होते. घरी नवऱ्याच्या डायलिसिसच्या पाळ्या मुलीनं तेवढ्यापुरत्या अंगावर घेतल्या होत्या. असे चार दिवस पुन्हा मिळतील असं मला वाटत नव्हतं, म्हणून एकही गाव सुटू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. गुहागरचा व्याडेश्वर, धोपाव्याहून दाभोळची फेरीबोट, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती, बामणघळ, मग तवसाळहून बोटीनं जयगड. प्रत्येकापुढं वेळ लिहिलेली. गाडीत मी एकेक ठिकाण वाचून दाखवत होते, कुंदा मान डोलवत होती.

आणि उतरल्यावर ती भलतंच करायची. देवळात दर्शन घेतलं की गुरवाच्या पायरीवर बसून राहायची. दाभोळच्या धक्क्यावर मासे निवडणाऱ्या एका बाईजवळ उकिडवी बसली ती अर्धा तास. मी हाका मारतेय, आमच्या बोटीला माणसं चढतायत, हिचं लक्षच नाही. ती बोट गेली. पुढची येईपर्यंत मी उन्हात वही घट्ट धरून उभी. गाडीत बसल्यावर म्हटलं, "कुंदे, एवढी हौस होती तर निदान बघायचं तरी." ती नुसती हसली. मला ते हसणं टोचलं.

वेळणेश्वर घाईघाईत उरकून हेदवीला पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. समुद्राकाठी उमामहेश्वराचं देऊळ, त्याच्या बाजूनं खडकातून जाऊन बामणघळ. कातळाला पडलेली ती अरुंद, खोल चीर. भरतीच्या लाटा तिच्यात घुसतात आणि पाण्याचा खांब वर उसळतो, हे मी वहीत अधोरेखित केलं होतं. तिथं तळाला थोडंसं पाणी हलत होतं. बाकी कोरडा काळा दगड आणि चिकटलेल्या कालवांचे शिंपले. मला रडायलाच आलं.

मागं वळले तर कुंदा नाही. परत आले तर ती वाडीतल्या एका घराच्या पडवीत. एक आजी सुपाऱ्या सोलत होत्या आणि कुंदा त्यांच्या अगदी पुढ्यात, त्यांच्या ओठांवर डोळे लावून बसली होती. हातात कोकम सरबताचा पेला.

"शैला, ह्या सांगतायत, आज चतुर्दशी. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती भरते. चौदाची पाऊणपट साडेदहा. आता ओहोटी लागलीय."

"उद्या पुनव," आजी म्हणाल्या. "पंधराची करा. सव्वाअकराला या, उधाणाचं पाणी असेल. बघा कसं उडतं ते."

"उद्या अकराला आपण जयगडला असणार," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "मी सकाळपासून गाडीत तेच सांगतेय. तू हो हो म्हणतेस आणि मग कुठंतरी बसून राहतेस. तुला माझ्याबरोबर फिरायचंच नव्हतं तर आलीस कशाला?"

आजी उठून आत गेल्या. कुंदानं पेला खाली ठेवला, उजव्या कानावरचे केस मागं सारले. कानामागं छोटं, कातडीच्या रंगाचं यंत्र होतं.

"डावा गेला गं. दोन वर्षं झाली. एका सकाळी उठले तर त्या बाजूला काहीच नव्हतं. उजव्यात यंत्रानं भागतं, पण गाडीत नुसती घरघर येते. फोनवर तर शब्दच कळत नाहीत. तू सकाळपासून काय वाचलंस त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. एका माणसासमोर बसलं, तोंड दिसलं, की सगळं कळतं. म्हणून बसते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला?" ती म्हणाली. "आपण दोघी कशात एकमेकींच्या होतो, शैला? कानातच ना."

मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. तेव्हा लक्षात आलं, स्टँडपासून प्रत्येक वेळी ती माझ्या डाव्या हाताला यायला बघत होती आणि मी वही घेऊन भराभरा पुढं जात होते.

त्या रात्री वेळणेश्वरच्या खोलीत दिवा चालू ठेवून, समोरासमोर मांडी घालून आम्ही दोन वाजेपर्यंत बोललो. तिनं मासे निवडणाऱ्या बाईची सगळी हकिगत सांगितली. नवऱ्याच्या सुईबद्दल मी कुणाला न सांगितलेलं तिला सांगितलं. सकाळी ड्रायव्हरला म्हटलं, जयगड राहू दे. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. जयगडच्या कॉलवर एक म्हातारे रोज मुलाशी फक्त हवापाण्याचं बोलायचे, त्यांचं गाव मला बघायचं होतं.

अकराला आम्ही कातळावर होतो. मी तिच्या उजव्या हाताला. आधी पाणी चिरेत शिरून नुसतं घुमलं. मग एक मोठी लाट आली, पायाखालचा दगड थरथरला आणि पांढराफेक खांब आमच्या डोक्यावर चढला. कुंदानं पटकन यंत्र काढून कमरेच्या पिशवीत टाकलं, खाली बसली आणि दोन्ही तळवे खडकावर दाबून धरले. साडी भिजली, पाणी ओठांवरून ओघळलं. पुढची लाट आली तशी तिनं डोळे मिटले.

"येतंय," ती म्हणाली. "हाच आवाज यायचा त्यांच्या मागं."

मीही बसले, तिच्या हातांशेजारी हात टेकले. किती वेळ गेला कोण जाणे. ड्रायव्हर लांबून हात हलवायला लागला. मी कुंदाच्या खांद्याला हात लावला. तिनं डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तीन मिनिटं झाली," मी सावकाश म्हटलं. "चालू ठेवायचं का?"

"ठेव," ती म्हणाली आणि हात तसेच राहू दिले.