फॅट किती लागली

आयसीयूच्या दाराला रबरी पट्टी होती, उघडलं तरी आवाज व्हायचा नाही. डॉक्टर बाहेर आले ते सागरला दिसलेच नाहीत. आईला दिसले. तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि पदर सारखा केला.

डॉक्टर तरुण होते. "मावशी," एवढं तिच्याकडं बघून म्हणाले आणि पुढचं सगळं सागरला सांगितलं. पाच वाजून दहा मिनिटं. खूप प्रयत्न केले. थोड्या वेळानं बघायला आत सोडतो.

"बरं," आई म्हणाली. डॉक्टरांनाच धीर द्यावा, अशा आवाजात म्हणाली.

ते गेले. दार पुन्हा लागलं.

हॉलमध्ये चटयांवर माणसं आडवी होती. ज्यांचं कुणीतरी आत आहे त्यांची झोप कसली, नुसते डोळे मिटलेले. कोपऱ्यातला एकजण फोनवर दबक्या आवाजात बोलत होता, "राजाराम बंधाऱ्याला पाणी ३८ फूट झालं म्हणं. एक फूट ऱ्हायलं इशाऱ्याला. आणि राधानगरी धरणाचं दार?" बोलता बोलता त्याची नजर आईवर गेली. "मागनं करतो," म्हणून त्यानं फोन खिशात घातला.

शेजारच्या चटईवर गडहिंग्लजकडची एक बाई होती. तिची सून आत होती. इतके दिवस दोघींनी भाकरी वाटून खाल्ली होती, पण नावं एकमेकींना विचारली नव्हती. ती उठली, पाण्याच्या बाटलीचं टोपण सैल करून बाटली आईच्या पायाशी ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. झोपली मात्र नाही.

बाहेर पाऊस चालूच होता. खिडकीच्या दुधी काचेत उजेड आला तोही पावसाळी, राखाडी, कुणाच्या चेहऱ्यावर थेट न पडणारा. वॉचमन एकेक ट्यूब बंद करत या टोकाला आला. शेवटच्या बटणावर हात ठेवून त्यानं बाकाकडं बघितलं. ती एक तशीच जळत ठेवून तो जिन्याकडं वळला.

सागरला काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं दोनदा घसा साफ केला. आई त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेला चटईचा धागा काढत बसली. एक काढला, दुसरा काढला. तिसरा नव्हता, तरी तिचं बोट तिथंच फिरत राहिलं.

सहा वाजून गेल्यावर पिशवीत फोन वाजला. तात्यांचा बटणांचा फोन. डेअरीचा मेसेज होता.

"वाच," आई म्हणाली.

वर खातेदाराचं नाव होतं. सागरनं ते वाचलं नाही.

"म्हैस. तीन लिटर दोनशे."

"फॅट किती लागली?"

"सहा पॉइंट एक."

आईनं मान हलवली. "साडेसात लागती रोज. अण्णानं काढली असंल धार. मागचं दूध दिलं न्हाई तिनं, चढवून ठेवलंय." थोडं थांबून म्हणाली, "हात कळतोय तिला."

सागरनं फोन बंद केला, परत चालू केला, आणि मग तो खिशात ठेवायचा की पिशवीत हे त्याला ठरवता येईना. आईनं तो त्याच्या हातातनं घेतला. पडद्यावरचा ओलावा पदरानं पुसला आणि पिशवीत तात्यांच्या धुतलेल्या बनियनखाली ठेवला.

चुलते आले ते रेनकोट घालूनच. जमीन भिजंल म्हणून दारातच उभे राहिले. त्यांचे डोळे लाल होते, पण पावसात गाडी चालवून कुणाचेही होतात.

"चा घेतलासा का, वैनी?"

"घेऊया की. तुमी आत या आधी."

"चिखलीचा रस्ता अजून चालू हाय. दुपारनंतरचं सांगता येत न्हाई. पुलावरनं येताना बघितलं, पाणी चढतंय." ते सागरकडं वळले. "हितंच पंचगंगेवर उरकूया म्हणतोय समदी. तू काय म्हणतोस?"

सागरनं आईकडं बघितलं.

"दारात न्यायचं आधी," आई म्हणाली. "धा मिनटं का हुईना. मग तुमी म्हणशीला तसं."

"बरं."

"आणि म्हशीला आजच सोनतळीला हलवा. पाणी गोठ्यात यायची वाट बघू नका."

"अण्णाला सांगितलंय. संध्याकाळची धारबी तोच..."

"त्याला देणार न्हाई ती," आई म्हणाली. "मी काढतो."

"वैनी, आज?"

आतून सिस्टरनं तात्यांचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. आईनं चपला काढून बाकाखाली ठेवल्या, पिशवी गडहिंग्लजच्या बाईकडं दिली आणि सागरच्या आधी उठली.

"सही मला येती," ती म्हणाली. "कुठं करायची तेवढं दाखव."