दिवाळी पाउच : राहिलेली माहिती आणि मंजुरी शुक्रवार, 21 ऑगस्ट, संध्याकाळी 5 पर्यंत हवी

प्रति : प्राचीताई
प्रत : मोहनकाका
बुधवार, 12 ऑगस्ट 2026

नमस्कार प्राचीताई,

चिवडा, भाजणीची चकली आणि शंकरपाळी या तिन्ही पाउचचं डिझाइन आमच्याकडून तयार आहे. काम अडलंय ते मागच्या बाजूच्या मजकुरावर आणि रंगाच्या प्रूफवर. छपाईचे सिलिंडर कोरून देणाऱ्याकडे आपला नंबर सोमवारी, 24 ऑगस्टला आहे. त्याला फाइल त्या दिवशी सकाळी द्यायची, तर खाली लिहिलेलं सगळं माझ्याकडे शुक्रवारी, 21 तारखेला संध्याकाळी 5 पर्यंत यायला हवं. शनिवार-रविवार मजकूर बसवण्यात आणि तपासण्यात जाईल, त्यामुळे ही तारीख पुढे ढकलता येणार नाही.

सगळ्यात आधी लॅबचं, कारण वेळ तिथेच लागतो. चिवड्याचा पोषणमूल्यांचा रिपोर्ट मिळाला. चकली आणि शंकरपाळीचे नमुने अजून लॅबला गेलेले नाहीत, असं तुम्ही सोमवारी म्हणालात. लॅबने पाच कामाचे दिवस सांगितलेत आणि मध्ये 15 ऑगस्ट आणि रविवार आहे. नमुने उद्या, गुरुवारी पोचले तर रिपोर्ट 20 तारखेला हातात येईल. परवावर गेलं तर सगळा भार 21 तारखेवर येतो, म्हणून कृपया उद्याच माणूस पाठवा. रिपोर्टमध्ये एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे दोन वेगळे आकडे, तसंच संपृक्त मेद, ट्रान्स फॅट आणि सोडियम मागून घ्या. चिवड्याच्या वेळी वरून घातलेल्या साखरेचा आकडा नंतर वेगळा मागवावा लागला होता.

काकांनी फोनवर सुचवलं की तोवर बाजारातल्या एखाद्या चकलीच्या पाकिटावरचा तक्ता घेऊन टाकू. काका, ते मी करणार नाही. त्यांची भाजणी वेगळी, तेल वेगळं, आणि पाकिटावर नाव तुमचं. उद्या कुणी नमुना तपासला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

दुसरा प्रश्न तेलाचा. तुम्ही पाठवलेल्या घटकांच्या यादीत चिवड्यापुढे शेंगदाणा तेल लिहिलंय. काका म्हणाले की सीझनमध्ये पामोलिन वापरतो. पाकिटावर नुसतं ‘खाद्यतेल’ लिहून चालत नाही, कोणतं तेल ते लिहावं लागतं. तेव्हा या दिवाळीच्या मालात प्रत्यक्ष कढईत जे पडणार आहे ते कळवा. पामोलिन असेल तर पुढच्या बाजूची ‘शुद्ध शेंगदाणा तेलात तळलेला’ ही ओळ मी काढून टाकेन. (ती ओळ डिझाइनमध्ये छान बसलीये, पण इलाज नाही.) तिन्ही पदार्थांचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने हवेत, म्हणजे सगळ्यात जास्त जे पडतं ते पहिलं. शेंगदाणे, काजू, गहू, तीळ आणि दूध यांपैकी कशात काय आहे ते वेगळं लिहा. ॲलर्जीची सूचना त्यावरूनच तयार होईल.

तिसरं, लायसन्स. पाउचवर पत्ता कुपवाड एमआयडीसीतल्या नव्या शेडचा आहे आणि तुम्ही दिलेला 14 आकडी एफएसएसएआय नंबर जुन्या, घरच्या जागेचा. माल जिथे बनतो त्या जागेचाच नंबर छापायला हवा. नव्या शेडचं लायसन्स हातात आलं असेल तर त्याची पीडीएफ पाठवा. व्हॉट्सॲपवर टाइप केलेला नंबर नको, एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तो तसाच हजारो पाउचवर जाईल. लायसन्स अजून आलं नसेल तर आजच फोन करा, कारण त्याला मग वेगळा मार्ग काढावा लागेल आणि तो 20 तारखेला निघणार नाही.

बारकोड फक्त चिवडा 200 ग्रॅमचा आलाय. चकली आणि शंकरपाळीला 890 ने सुरू होणारे आपापले स्वतंत्र नंबर लागतील. चकली 200 ग्रॅमची की 250 ची, हेही त्याआधी ठरायला हवं. वजन बदललं तर बारकोडही नवा लागतो.

आता रंग. छापील प्रूफ सांगलीत पोचून आठवडा झाला. तुम्हाला गडद लाल आवडला, काकांना जुन्या पाकिटाचा केशरी हवाय. दोन्ही चांगले दिसतात, माझं मत विचाराल तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली लाल उठून दिसतो. पण निर्णय तुमच्या घरचा आहे आणि मला एकच उत्तर हवंय. पसंत प्रूफवर काकांची सही घ्या, फोटो मेल करा आणि मूळ प्रत कुरिअरने पाठवा, छपाईवाला रंग तिच्याशीच जुळवणार आहे. प्रूफ मोबाइलच्या स्क्रीनशी ताडून पाहू नका.

एमआरपी, बॅच नंबर, तारीख आणि प्रति ग्रॅम किंमत यांची घाई नाही. त्यांच्यासाठी पांढरी जागा सोडली आहे, ते तुमच्या कोडिंग मशिनने येईल. भाव ठरला नाही म्हणून बाकीचं अडवून ठेवू नका.

तारखेबद्दल एवढा आग्रह का, तेही सांगतो. तीन डिझाइन, प्रत्येकी सात रंग, म्हणजे 21 सिलिंडर, एकाचे साडेचार हजार. एकदा कोरल्यावर त्यात खाडाखोड होत नाही, नवा करावा लागतो. मागचा सगळा बारीक मजकूर मी मुद्दाम काळ्या रंगात ठेवलाय, म्हणजे पुढे कधी बदल झालाच तर एकच सिलिंडर बदलेल. तरीही चूक माहीत असताना कोरायला देण्यात अर्थ नाही. 24 ला काम सुरू झालं तर छपाई आणि लॅमिनेशन गणपतीच्या आधी उरकतं आणि पाउच 28 सप्टेंबरला कुपवाडला पोचतात. घटस्थापना 11 ऑक्टोबरला आहे, म्हणजे भरायला हातात वेळ राहतो. हा नंबर गेला तर पुढचा 7 सप्टेंबरचा आहे. 14 ला गणेश चतुर्थी, प्रेसमधली निम्मी माणसं कोकणात. मग पाउच दसऱ्यानंतर येतील आणि तुमचे वितरक तोवर दुसऱ्याचा माल लावून मोकळे होतील. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे.

म्हणून असं ठरवलंय : 21 तारखेला 5 वाजता ज्या पदार्थाची माहिती आणि मंजुरी पूर्ण असेल, त्याचीच फाइल 24 ला जाईल. जो अपुरा राहील तो 7 सप्टेंबरच्या नंबराला जाईल. त्याच्यासाठी दिवाळीपुरते साधे पारदर्शक पाउच आणि स्टिकर असा पर्याय आहे, पण स्टिकरवरही हाच सगळा मजकूर लागतो, तेव्हा त्याने माहितीची सुटका होत नाही. स्टिकरचा खर्च वेगळा पडेल, तो विचारून कळवतो.

तपासायच्या फाइल सोबत जोडल्या आहेत : Chivda_200g_v4.pdf, Chakli_v4.pdf, Shankarpali_v4.pdf. जिथे माहिती हवी तिथे पिवळी खूण आहे. दुरुस्त्या याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. फोनवर बोललो तरी नंतर दोन ओळी लिहून टाका.

उद्या लॅबला नमुने पोचले की तेवढं लगेच कळवा. लायसन्सबद्दल बोलायचं असेल तर आज रात्री 9 पर्यंत मी फोनवर आहे.

आपला,
सुहास
पुणे