अकाउंट्सच्या सिनियर मंडळींसाठी नवीन कामाचा प्लॅन, जुलै ते डिसेंबर

मंडळी, बँक एंट्र्या आणि परचेस बिलं आता सॉफ्टवेअरच ओढून घेतंय, त्यामुळे नोकरी कुणाची जाणार नाही पण काम बदलणार हे नक्की.

जुलै-ऑगस्ट रोज ३ ते ४ या वेळेत एक्सेलमधलं पॉवर क्वेरी शिकायचं, आपल्याच पार्टी लेजरवर, डमी डेटा नको.

१४ तारखेला जीएसटीआर-२बी आलं की मॅचिंग मशीन करेल, पण बिल का अडकलं, सप्लायरने जीएसटीआर-१ भरलाच नाही की आपला जीएसटी नंबर चुकवला, हे फोन करून तुम्हीच काढायचं, तुमचा इतक्या वर्षांचा अनुभव इथेच लागतो.

सप्टेंबरपासून एकेकाकडे कॅश फ्लो, एमएसएमई पेमेंटची ४५ दिवसांची मुदत, स्टॉक तपासणी.

ट्रेनिंग ऑफिस टाइममध्येच, फी कंपनीची. इंग्रजीची धास्ती असेल तर सांगा, मराठीतूनच शिकवू.